उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी

एप्रिलचा पहिला आठवडा उजाडला की निधीदात्यांचे मेल सुरू होतात. प्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र लवकर पाठवा, आमचेही हिशेब बंद करायचे आहेत. संस्थेचा लेखापाल टॅलीतून प्रकल्पाचा एकूण खर्च काढतो, मागच्या वर्षीच्या नमुन्यात आकडा बदलतो आणि सचिवांची सही घेऊन कागद सीएकडे पाठवतो. अर्ध्या दिवसात काम संपते. पुढे सात-आठ महिन्यांनी निधीदात्याचा लेखापरीक्षक व्हाउचर तपासायला येतो, तेव्हा खर्चातली दोन-अडीच लाखांची रक्कम अग्राह्य ठरते. संस्थेत कोणी पैसे खाल्लेले नसतात, काम जमिनीवर उभे असते, आणि तरीही रक्कम परत मागितली जाते.

संस्थेचे विश्वस्त, सचिव आणि लेखापाल यांनी सहीआधी नेमके काय तपासायचे, एवढ्यापुरता हा लेख आहे. उदाहरण महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुष्काळी तालुक्यात सापडेल असे, पाणलोटाच्या कामाचे घेतले आहे. संस्था आणि आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. चुका मात्र प्रत्यक्ष तपासणीत वारंवार भेटणाऱ्या आहेत.

आधी हे प्रमाणपत्र कोणासाठी असते ते पाहू. सीएसआरच्या पैशाबाबत अनेक संस्थांचा समज असा असतो की कंपनीने धनादेश दिला, तिची जबाबदारी संपली, आता आपला हिशेब हा आपल्यातला आणि कंपनीतला मामला. कायदा तसे मानत नाही. संस्थेला रक्कम वर्ग केली म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला असे धरले जात नाही. रक्कम ज्या कामासाठी दिली त्याच कामावर आणि मंजूर पद्धतीने वापरली गेली, याची खात्री कंपनीच्या संचालक मंडळाने करायची असते आणि तसे तिच्या वित्त प्रमुखाने प्रमाणित करायचे असते. एकाहून अधिक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पात ३१ मार्चला जी रक्कम खर्च झालेली नाही, ती कंपनीला ३० दिवसांच्या आत स्वतंत्र ‘अखर्चित सीएसआर खात्यात’ भरावी लागते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करावी लागते. यात कसूर झाली तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला दंड आहे. म्हणजे आपण अखर्चित रक्कम कमी दाखवली, तर आपल्या कागदावर विसंबून कंपनीही सरकारकडे चुकीचा आकडा देते. निधीदाते अशा वेळी इतके का चिडतात, याचे कारण यात आहे.

केंद्र सरकारच्या अनुदानाचे प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधल्या १२-अ या नमुन्यात द्यायचे असते, आणि त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांची आहे. परदेशी निधीला विदेशी अंशदान कायद्याची चौकट आहे. तिथे प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा असून २०२० च्या दुरुस्तीपूर्वी ती ५० टक्के होती. नियम वेगवेगळे असले तरी हिशेब तपासण्याची रीत तिन्हीकडे जवळपास एकच आहे.

आता उदाहरण. एका नोंदणीकृत न्यासाला तीन गावांतल्या मृद व जलसंधारणाच्या कामासाठी एका कंपनीने १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाकरिता २४,००,००० रुपये मंजूर केले. पूर्ण रक्कम वर्षभरात दोन हप्त्यांत मिळाली. प्रकल्पाचे बँक खाते वेगळे आहे आणि त्यावर १८,४०० रुपये व्याज जमा झाले. करारात एक कलम आहे: कोणत्याही शीर्षावर मंजूर रकमेपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च झाला तर पूर्वपरवानगी लागणार नाही, मात्र प्रशासकीय शीर्ष वाढवता येणार नाही आणि एकूण रक्कम ओलांडता येणार नाही. वर्षअखेरीस वह्यांत प्रकल्पाचा खर्च २२,९५,००० रुपये दिसतो. लेखापालाने मसुद्यात लिहिले: मिळाले २४,००,०००, खर्च २२,९५,०००, शिल्लक १,०५,०००.

पहिली चूक वजाबाकीआधीच झाली आहे. प्रकल्पाकडे उपलब्ध असलेली रक्कम २४,१८,४०० रुपये होती, कारण व्याजही प्रकल्पाचेच. सीएसआरच्या निधीवर अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला मिळालेले व्याज हे त्या उपक्रमातून निर्माण झालेले आधिक्य मानले जाते. ते त्याच प्रकल्पात वापरायचे किंवा कंपनीशी ठरेल त्याप्रमाणे परत करायचे, पण संस्थेच्या इतर उत्पन्नात घालायचे नाही. केंद्र सरकारच्या अनुदानावरचे व्याज तर हिशेब अंतिम झाल्यावर सरकारजमाच करावे लागते, आणि १२-अ नमुन्यात त्यासाठी वेगळे रकाने आहेत. उदाहरणातल्या संस्थेत सगळ्या खात्यांचे व्याज टॅलीत ‘बँक व्याज’ या एकाच खात्यावर जमा होत होते, त्यामुळे प्रकल्पाच्या अहवालात ते कधी आलेच नाही. प्रकल्पाचे बँक विवरण उघडून व्याजाच्या नोंदी हाताने बेरजेला घेतल्या की दहा मिनिटांत हे सापडते.

पुढची पायरी शीर्षनिहाय तपासणीची. यासाठी करारासोबतचे मूळ मंजूर अंदाजपत्रक लागते. प्रस्तावासोबत आपण पाठवलेले अंदाजपत्रक वेगळे आणि मंजूर झालेले वेगळे असू शकते, आणि संगणकावर बहुतेक वेळा प्रस्तावाचीच फाइल वरती असते. मंजूर अंदाजपत्रकात शीर्षाच्या रकमेइतकाच महत्त्वाचा असतो तो शेजारचा तपशील: किती माणसे, किती महिने, कोणता दर, किती कामे. उदाहरणातल्या कर्मचारी शीर्षात लिहिले आहे, एक समन्वयक ३०,००० रुपये दराने १२ महिने आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते प्रत्येकी १०,००० दराने १२ महिने. एकूण ६,००,०००. मंजुरी या माणसांना आहे, सहा लाखांच्या मोकळ्या रकमेला नाही.

वह्यांत या शीर्षावर ६,३०,००० रुपये पडले आहेत. वाढ पाच टक्के, म्हणजे वरवर पाहता १० टक्क्यांच्या सवलतीत बसणारी. बहुतेक जण इथेच थांबतात. पण खतावणी उघडली तर जास्तीचे ३०,००० रुपये कोणाचे आहेत ते दिसते: संस्थेच्या लेखापालाच्या पगारातले दरमहा २,५०० रुपये या शीर्षात टाकले आहेत. लेखापाल हा मंजूर तीन माणसांपैकी नाही. त्याच्या कामाचा हिस्सा प्रशासकीय शीर्षात यायला हवा होता, आणि ते शीर्ष १,२०,००० वर आधीच भरलेले आहे.

या विषयातला सर्वांत जास्त चुकवला जाणारा मुद्दा हा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १० टक्क्यांची सवलत मंजूर बाबीच्या रकमेत थोडे इकडेतिकडे व्हावे यासाठी असते. डिझेल महागले, बांधाला दोन ट्रक दगड जास्त लागले, समन्वयकाला मंजूर मानधनावर थोडी वाढ द्यावी लागली, अशा गोष्टी तिच्यात येतात. अंदाजपत्रकात नसलेली नवी बाब त्या सवलतीच्या आडून आत आणता येत नाही, मग ती रकमेने कितीही लहान असो. म्हणून शीर्षाची एकूण रक्कम मर्यादेत आहे हे पाहून समाधान मानू नये. त्या शीर्षातली प्रत्येक बाब अंदाजपत्रकातल्या तपशिलाला जोडून पाहावी, आणि जी जोडता येत नाही ती बाजूला काढावी. इथे ३०,००० रुपये बाजूला निघाले.

प्रवासाचे शीर्ष याच्या उलट आहे. मंजुरी १,२०,०००, खर्च १,५२,०००. सगळी बिले खरी आहेत, वाहनाच्या नोंदवहीत फेऱ्या आहेत, गावांची नावे आहेत. बाब मंजूर आहे, रक्कम जास्त आहे. त्यामुळे १० टक्क्यांसह १,३२,००० पर्यंतचा खर्च ग्राह्य, वरचे २०,००० परवानगीशिवाय ग्राह्य नाहीत. संस्थेचे कार्यकर्ते अशा वेळी कळवळून सांगतात की आम्ही खरोखर फिरलो. त्याबद्दल शंका नसतेच. पण लेखापरीक्षकासमोर प्रश्न खर्च खरा आहे का एवढाच नसतो, तो या पैशातून करायला मुभा होती का, हाही असतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कामांच्या शीर्षाला, कारण तिथे रक्कम मोठी आणि कागद गुंतागुंतीचे. मंजुरी १३,००,००० रुपयांची होती: समतल चरांसाठी ५,००,००० आणि दोन माती नालाबांधांसाठी ८,००,०००. वह्यांत खर्च १२,१०,०००. रक्कम मंजुरीच्या आत असल्याने कोणाला संशय येत नाही, पण दोन गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली, २८ मार्चला जेसीबीमालकाला दिलेले १,४०,००० रुपये. दुसऱ्या बांधाचे खोदकाम एप्रिलमध्ये सुरू होणार होते आणि यंत्र अडवून ठेवायला ही उचल दिली. टॅलीत ती थेट कामांच्या खर्चात नोंदवली गेली. उचल हा खर्च नव्हे. काम झाले, मोजमाप झाले, बिल आले, तेव्हा तो खर्च होतो. तोवर ती संस्थेची येणे रक्कम असते. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांतली प्रत्येक मोठी नोंद उघडून एवढेच विचारायचे: या पैशाच्या बदल्यात ३१ मार्चपर्यंत काय मिळाले? कार्यकर्त्यांच्या नावावरच्या उचली, पुरवठादारांना आगाऊ दिलेल्या रकमा आणि पुढच्या वर्षासाठी भरून ठेवलेले साहित्य, या तिन्हींना हा प्रश्न लागू होतो. निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेर अशी रक्कम काढून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती सोडली पाहिजे. काम लांबले असेल तर मुदतवाढ मागावी. निधी न वाढवता फक्त मुदत वाढवायला निधीदाते सहसा तयार असतात, मात्र विनंती मुदत संपण्याआधी गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट, पहिल्या बांधाचे जेसीबीचे बिल. ११० तास, दर १,१०० रुपये, एकूण १,२१,०००. बिलावर मालकाची सही, समन्वयकाची सही, पैसे बँकेतून दिलेले. कागद परिपूर्ण आहे. पण यंत्राच्या कामाची रोजची नोंदवही वेगळी असते. तिच्यात सुरू आणि बंद झाल्याची वेळ, चालकाची आणि गावातल्या पाणलोट समितीच्या सदस्याची सही असते. तिची बेरीज केली तर ९६ तास भरतात. तफावत १४ तासांची, म्हणजे १५,४०० रुपयांची. यात लबाडी असेलच असे नाही. यंत्र गावात आणण्या-नेण्याचे तास मालक बिलात धरतो, आणि तो दर आधी ठरलेला नसला की हा वाद होतो. पण नोंदवहीत नसलेल्या तासांचे पैसे प्रकल्पात धरता येत नाहीत. ते मालकाच्या पुढच्या बिलातून वळते करायचे आणि तोवर त्याच्याकडून येणे दाखवायचे.

तासांच्या नोंदीसोबत मोजमाप पुस्तिकाही पाहावी. तीत चरांची आणि बांधांची लांबी, रुंदी, खोली किंवा उंची आणि त्यावरून निघणारे घनमीटर लिहिलेले असतात. लेखापाल अभियंता नसतो, पण चार गोष्टी त्यालाही तपासता येतात. गुणाकार बरोबर आहेत का. मोजमापाची तारीख बिल देण्याच्या आधीची आहे का. सही तांत्रिक माणसाची आहे का. आणि बिलातले परिमाण पुस्तिकेतल्या परिमाणाशी जुळते का. मोजमाप नंतर आणि पैसे आधी, असा क्रम दिसला तर पुस्तिका बिलावरून उलटी भरली गेली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी कागदावर विसंबू नये; टेप घेऊन गावात जावे आणि दोन-तीन चर स्वतः मोजावेत. आणखी एक खूण: एकाच दिवशी एकच जेसीबी दोन गावांच्या नोंदवह्यांत आठ-आठ तास चाललेला दिसणे. तिन्ही गावांच्या नोंदवह्या शेजारी ठेवल्याशिवाय हे कधीच कळत नाही.

प्रशिक्षणावर २,००,००० पैकी १,३५,००० खर्च झाले आणि २० ऐवजी १४ प्रशिक्षणे झाली. कमी खर्चाला कोणी अग्राह्य ठरवत नाही, पण सहा प्रशिक्षणे का झाली नाहीत हे एका वाक्यात लिहावे लागते, नाहीतर पुढच्या वर्षी हे शीर्षच कापले जाते. छपाईचे ४८,००० मंजूर ६०,००० च्या आत आहेत. त्याचा धनादेश ३० मार्चचा असून ३१ तारखेपर्यंत वटलेला नव्हता. तो खर्च ग्राह्य आहे, कारण पुस्तिका २५ मार्चला गोदामात आल्याची पोच आहे.

प्रशासकीय शीर्षात भाडे, वीज, लेखापरीक्षण शुल्क असे सामाईक खर्च येतात. इथे फक्त एक कागद मागावा: हिस्सा कशावरून ठरवला त्याचे टिपण. कार्यालयात चार प्रकल्प चालत असतील तर भाड्याची विभागणी माणसांच्या संख्येवर करा, जागेवर करा किंवा कामाच्या वेळेवर करा, पण पद्धत वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली आणि चारही प्रकल्पांना सारखी लावलेली हवी. ३१ मार्चच्या तारखेची, शीर्षाची उरलेली रक्कम बरोबर भरून काढणारी एकच मोठी फिरवाफिरवीची नोंद दिसली, तर तो हिस्सा मागून बसवलेला आहे हे कोणत्याही लेखापरीक्षकाला कळते. चारही प्रकल्पांवर टाकलेले भाडे एकत्र मिळवून ते प्रत्यक्ष भाड्यापेक्षा जास्त होत नाही ना, हेही पाहावे. सीएसआरमधली पाच टक्क्यांची मर्यादा इथे बरेच जण चुकीने लावतात. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. संस्थेला बंधन तिच्या करारातल्या आकड्याचे असते. आपल्या उदाहरणात या शीर्षाचे टिपण जागेवर होते आणि १,२०,००० रुपये पूर्ण ग्राह्य ठरले.

एवढे झाल्यावर चित्र असे दिसते. आकडे रुपयांत आहेत.

| शीर्ष | मंजूर | वह्यांत | ग्राह्य |
|---|---|---|---|
| कर्मचारी मानधन | ६,००,००० | ६,३०,००० | ६,००,००० |
| जलसंधारण कामे | १३,००,००० | १२,१०,००० | १०,५४,६०० |
| प्रशिक्षण | २,००,००० | १,३५,००० | १,३५,००० |
| प्रवास | १,२०,००० | १,५२,००० | १,३२,००० |
| छपाई | ६०,००० | ४८,००० | ४८,००० |
| प्रशासकीय | १,२०,००० | १,२०,००० | १,२०,००० |
| एकूण | २४,००,००० | २२,९५,००० | २०,८९,६०० |

उपलब्ध २४,१८,४०० मधून २०,८९,६०० वजा केले की अखर्चित शिल्लक ३,२८,८०० रुपये निघते. मसुद्यातल्या १,०५,००० च्या तिपटीहून जास्त.

आता सगळ्या तपासणीतली सर्वांत उपयोगी पायरी, जी मी कधीही चुकवत नाही: ही शिल्लक आहे कुठे, ते रुपयापर्यंत दाखवणे. बँक विवरणात ३१ मार्चला १,७१,४०० आहेत. त्यातून न वटलेला ४८,००० चा धनादेश वजा केला की वह्यांतली बँक शिल्लक १,२३,४०० येते. जेसीबीमालकाकडे उचल १,४०,०००. त्याच्याचकडून वळते करायचे १५,४००. आणि संस्थेच्या स्वतःच्या निधीने प्रकल्पाला द्यायचे ५०,०००, म्हणजे लेखापालाचे ३०,००० आणि प्रवासाचे जास्तीचे २०,०००. बेरीज ३,२८,८००. जुळली. ती जुळत नसेल तर वरच्या तक्त्यात अजून चूक आहे, किंवा प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या कुठल्यातरी कामात गेले आहेत. पगार थकले म्हणून एका प्रकल्पाच्या खात्यातून दुसऱ्यात पैसे फिरवल्याचे याच पायरीवर उघड होते, एरवी ते वर्षानुवर्षे झाकून राहते.

यानंतर ५०,००० रुपये संस्थेच्या सर्वसाधारण खात्यातून प्रकल्पाच्या खात्यात प्रत्यक्ष भरावेत. नुसती टॅलीतली नोंद पुरत नाही. सर्वसाधारण खात्यातला पैसा कोणत्याही अटीविना मिळालेला हवा: सभासद वर्गणी, खुल्या देणग्या, संस्थेचे स्वतःचे उत्पन्न. दुसऱ्या प्रकल्पाच्या निधीतून ही भरपाई केली तर आजचे कोडे त्या प्रकल्पाच्या गळ्यात पडते. परदेशी निधीतून केली तर कायद्याचा भंग होतो. स्वतःचा निधी नसेलच, तर विश्वस्तांनी ठराव करून निधीदात्याला तसे स्पष्ट कळवावे आणि भरपाईला मुदत मागावी. हे पत्र लिहिणे जड जाते, पण तपासणीत दुसऱ्याने शोधून काढण्यापेक्षा आपण सांगितलेले केव्हाही बरे.

मग सीएकडे जावे. दोन कागदांत इथे गोंधळ होतो. न्यासाचे वार्षिक लेखापरीक्षण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली होते आणि अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो. प्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र हा विशिष्ट हेतूसाठीचा वेगळा दाखला आहे. पण दोन्हींतला एक आकडा सारखा असलाच पाहिजे: प्रकल्पाची अखर्चित शिल्लक न्यासाच्या ताळेबंदात देणे बाजूला ३,२८,८०० अशीच दिसली पाहिजे. मे महिन्यात प्रमाणपत्र एक आकडा सांगते आणि सप्टेंबरमध्ये ताळेबंद दुसरा, असे झाले की निधीदात्याचा विश्वास तिथेच संपतो. म्हणून प्रमाणपत्र वेगळ्या सीएकडून घेतले असेल तर त्याची प्रत न्यासाच्या लेखापरीक्षकाला त्याच आठवड्यात द्यावी.

सीएच्या दाखल्यावर यूडीआयएन हा १८ अंकी क्रमांक असतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून सगळ्या प्रमाणपत्रांना तो बंधनकारक आहे आणि udin.icai.org या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. निधीदाते तो पडताळतात. आपणही पडताळून पाहावा. सीए काय प्रमाणित करतो हेही नीट वाचावे. आकडे वह्यांशी आणि दाखवलेल्या कागदांशी जुळतात, एवढे तो सांगतो. बांध उभा आहे का, चर मापाप्रमाणे आहेत का, हे तो सांगत नाही. त्याची जबाबदारी सही करणाऱ्या पदाधिकाऱ्यांची राहते.

प्रमाणपत्रासोबत शीर्षनिहाय तक्ता, शिल्लक कुठे आहे त्याचे विवरण आणि फरकांची कारणे सांगणारे एक पानी पत्र जोडावे. मूळ बिलांवर ‘अमुक प्रकल्पात खर्ची घातले’ असा शिक्का त्याच वेळी मारून टाकावा, म्हणजे तेच बिल चुकूनही दुसऱ्या निधीदात्याकडे जाणार नाही.

या सगळ्यातला बराचसा त्रास जानेवारीत वाचवता येतो. डिसेंबरअखेरचा शीर्षनिहाय तक्ता जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काढा. आपल्या उदाहरणात तेव्हाच दिसले असते की प्रवासाची मंजुरी संपत आली आहे आणि प्रशिक्षणाचे पैसे उरणार आहेत. त्या वेळी प्रशिक्षणातले ३०,००० रुपये प्रवासाकडे वळवण्याची परवानगी एका पत्रात मिळाली असती. लेखापालाचा हिस्साही तेव्हा मागता आला असता. परवानगी खर्चाच्या आधीची आणि लेखी हवी. फोनवर अधिकारी ‘करा हो’ म्हणाले असतील तर त्याच संध्याकाळी त्यांना मेल करून होकार लेखी घ्या. ३१ मार्चनंतरच्या तारखेच्या परवानगीने आधीचा खर्च नियमित करायला फार थोडे निधीदाते तयार होतात.